होमस्टेवाल्यांसाठी: अपघाताचा कागद अकरा वर्षांनी सापडायला हवा

तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले भागातल्या आमच्या होमस्टेचालक ग्राहकांना विम्याच्या कामात एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो: पाहुण्याला इजा झाली तर तुम्ही लिहून ठेवता का? बहुतेक जण ठेवतात. तो कागद पुढे सापडत नाही, अडचण तिथे आहे.

किती वर्षं सांभाळायचा, हे आधी पाहू. भरपाईसाठी दिवाणी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं धरली जाते, म्हणून बरेच जण चौथ्या वर्षी कागद काढून टाकतात. पण जखमी अज्ञान असेल, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ही मुदत तो १८ वर्षांचा झाल्यावर मोजायला लागतात. समजा, ३ मे २०१८ रोजी विहिरीच्या ओल्या पायरीवरून पाहुण्यांचा मुलगा घसरला आणि त्याचं कोपर मोडलं. त्याची जन्मतारीख १४ ऑगस्ट २००८. म्हणजे तो सज्ञान होणार ऑगस्ट २०२६ मध्ये, आणि दावा लावू शकणार ऑगस्ट २०२९ पर्यंत. शेवटच्या दिवशी दावा दाखल झाला तर समन्स तुमच्या हातात पडायला आणखी काही महिने जातात. म्हणून या फाइलच्या पुठ्ठ्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहा: ‘२०३१ अखेरपर्यंत ठेवणे’. हा हिशेब जन्मतारखेशिवाय होत नाही, आणि नेमकी तीच विचारायची राहून जाते. मोठ्या माणसाच्या बाबतीत आम्ही ८ वर्षं सुचवतो. कायदा एवढी मागत नाही, पण दावा उशिरा लागला किंवा वरच्या कोर्टात गेला तरी कागद हाताशी राहतो.

आता शोधण्याचं. नोटिशीत मुलाचं नाव असेल. तुमच्याकडे बुकिंग असेल त्याच्या मामाच्या नावावर, तेही मामाच्या मोबाइलवरून. तारखेच्या जागी कदाचित ‘मे महिन्याच्या सुट्टीत’ एवढंच असेल. फाइल फक्त नावाने लावली असेल तर ती सापडणार नाही. त्यासाठी पक्क्या बांधणीचं एक रजिस्टर घाला. प्रत्येक अपघाताला एक ओळ, वर्षाप्रमाणे अनुक्रमांक, जसा २०१८/७. त्या ओळीत तारीख, जखमीचं नाव व जन्मतारीख, बुकिंग कुणाच्या नावावर, जागा, काय लागलं आणि कधीपर्यंत ठेवायचं. कागद अनुक्रमांकानेच लावायचे. रजिस्टर मात्र कधीच रद्दीत द्यायचं नाही.

जागा लिहिताना ‘मागची विहीर’ म्हणून सोडू नका. पुढे ती बुजवली जाते, खोल्यांची नावं बदलतात, नवी पडवी निघते. ‘स्वयंपाकघराच्या पूर्वेची विहीर, वरून तिसरी पायरी’ असं लिहा आणि त्याच दिवशी काढलेला फोटो छापून जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो फोन बदलला की हाती लागेल याची खात्री नाही. मूळ फोटो आणि स्कॅन अनुक्रमांकाच्या नावाने वेगळ्या ठिकाणीही ठेवा, उदाहरणार्थ `2018-07_vihir.jpg`. त्या वर्षीच्या विमा पॉलिसीची प्रतही याच फाइलमध्ये हवी. काही पॉलिसी अपघाताच्या तारखेवर चालतात, काही दावा आल्याच्या तारखेवर, आणि मधल्या काळात तुम्ही कंपनी बदललेली असते.

कोकणातला पावसाळा कागदाचा वैरी. स्टेपलरची पिन दोन-तीन पावसाळ्यांत गंजते आणि भोवतीचा कागद खाते, त्यामुळे सुती टॅग वापरा. प्लास्टिकच्या बंद पाकिटात ओल कोंडून बुरशी धरते, पुठ्ठ्याची फाइल बरी. कपाट भिंतीला चिकटवू नका, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. औषधाच्या दुकानाची गुळगुळीत छापील पावती बहुधा थर्मल कागदाची असते, ती काही वर्षांत पांढरी पडते. तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून मूळ पावतीला जोडा.

आम्ही पाहिलंय, कागद सर्वाधिक जातात ते गणपतीआधीच्या साफसफाईत. अपघाताचा कागद त्या महिन्याच्या बिलांच्या गठ्ठ्यात असतो, हिशेबाची मुदत संपली म्हणून गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो, त्याबरोबर हाही. म्हणून ही फाइल हिशेबाच्या कपाटात ठेवूच नका. मुदत संपलेली फाइल काढताना रजिस्टरमध्ये तारीख घालून दोघांनी सही करावी. दावा किंवा नोटीस आलेली असेल, तर पुठ्ठ्यावरची तारीख उलटली तरी तिला हात लावायचा नाही.

नोटीस आली की उत्तर लिहिण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. वकिलाला झेरॉक्स द्या. मूळ फाइल द्यावीच लागली, तर तिच्या जागी एक जाड कार्ड उभं करा: कुणी नेली, कधी नेली, कशासाठी. परत आली की कार्ड काढा.