कसोटी, सुया आणि मुशीतली आग

सोन्याचा कस लावताना कसोटीच्या दगडाइतकेच महत्त्व सुयांना आहे, आणि त्यांचे उत्तम वर्णन ‘आईन-इ-अकबरी’त सापडते. पितळेसारख्या धातूच्या लांब सुयांच्या टोकाला थोडे सोने बसवलेले आणि प्रत्येकीवर त्या सोन्याची ‘बानी’, म्हणजे शुद्धतेची पायरी, लिहिलेली. शुद्ध सोने बारा बानी. पारखी नव्या सोन्याच्या दोन-चार रेघा दगडावर ओढे, शेजारी सुयांच्या ओढे आणि रंग जुळवे. दोन्हीकडे हाताचा जोर सारखा हवा, नाहीतर फसगत होते, हेही ग्रंथकार अबुल फझल बजावतो. अलाउद्दीनचा छोटा गोल दिनार तोवर बारा बानीचा समजला जाई. अकबराच्या काळी तो साडेदहाचा ठरला. आजच्या हिशेबाने २४ कॅरटचा २१ झाला. दख्खनचा जुना होनही असाच दहावरून साडेआठवर आला.

दगडाची निवड त्याहून जुनी विद्या. कौटिल्य कलिंगाचा किंवा तापीकाठचा, मुगाच्या रंगाचा दगड उत्तम मानतो. रंग खुलवून दाखवणारा दगड विकणाऱ्याच्या फायद्याचा आणि टणक, खरखरीत दगड घेणाऱ्याच्या, असेही तो सांगतो. नखात गेरूची पूड लपवून रेघेवर झाडण्याची लबाडीसुद्धा त्याला ठाऊक होती!

रेघ रंगावर वाचायची, म्हणून मिसळ काय आहे त्यावर सगळे अडते. २२ कॅरटमध्ये उरलेला भाग निव्वळ तांब्याचा असेल तर रेघ लालसर, चांदीचा असेल तर फिकट हिरवट. सोने तेवढेच, पण तांबेमिश्रित सोन्याच्या सुईशी चांदीमिश्रित सोने ताडले तर अंदाज चुकणारच. म्हणून मिसळीप्रमाणे सुयांचे जुडगे वेगळे लागते. वर तेजाबाचा थेंब टाकला की हलक्या सोन्याची रेघ विरते, चांगल्याची टिकते. २२ च्या वर मात्र रेघा इतक्या सारख्या दिसतात की सराईत डोळाही चाचपडतो.

क्ष-किरण यंत्र मिनिटभरात सोने, चांदी, तांबे, जस्त वेगवेगळे दाखवते आणि दागिन्याला ओरखडा येत नाही. पण ते सोन्याच्या फक्त वरच्या काही मायक्रॉनचेच सांगते. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि किरण नेमका जोडाच्या डाकावर पडला तर चांगली पाटलीही हलकी ठरते. दगडावर जोरात घासले की निदान मुलामा सुटतो, हा जुन्या पद्धतीचा फायदा मला मोठा वाटतो.

वाद मिटवायला आग लागते. नमुन्याचा तुकडा कापून तोलतात, त्यात सोन्याच्या सुमारे अडीचपट चांदी घालतात आणि शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत हजार अंशांवर तापवतात. शिसे तांब्याला घेऊन मुशीत जिरते, सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. उरलेले सोने पुन्हा तोलायचे. येथे रंग नाही, वजन बोलते. हजारात एखाद्या भागाचा फरकही पकडता येतो. किंमत एवढीच की तो तुकडा परत मिळत नाही. म्हणून हॉलमार्क केंद्रात आधी यंत्रावर सगळा माल तपासतात आणि मग त्यातल्या निवडक दागिन्यांचा तुकडा मुशीत टाकतात.