धोका दिसताच की धोका घडू लागताच?

भारतीय वाहन परवान्यावर ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यापासून फक्त 12 महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथला परवाना काढावा लागतो, आणि भारतीय परवाना बदलून मिळत नसल्यामुळे पुण्यामुंबईत वीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसालाही नवशिक्याप्रमाणे लेखी परीक्षेला बसावे लागते. या परीक्षेचा पहिला भाग 50 बहुपर्यायी प्रश्नांचा असतो आणि तो पाठांतराने निभावता येतो. दुसरा भाग 2002 सालच्या नोव्हेंबरात सुरू झाला. त्याला ‘हॅझर्ड पर्सेप्शन टेस्ट’ म्हणतात, म्हणजे धोका ओळखण्याची चाचणी. वर्षानुवर्षे सफाईने गाडी चालवणारी माणसे या भागात अडखळतात, आणि त्याचे कारण त्यांच्या सवयीइतकेच गुण देण्याच्या पद्धतीतही आहे.

परीक्षार्थी संगणकासमोर बसतो आणि त्याला चालकाच्या नजरेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवल्या जातात. प्रत्येक चित्रफीत साधारण मिनिटभराची असते. पूर्वी त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चित्रित केलेल्या असत. 2015 पासून त्या संगणकावर तयार केलेल्या असतात. तेरा चित्रफितींत प्रत्येकी एक आणि एका चित्रफितीत दोन, असे एकूण 15 धोके मोजले जातात. दोन धोके कोणत्या चित्रफितीत आहेत हे आधी सांगत नाहीत, म्हणून एक धोका टिपला की हात सैल सोडता येत नाही. धोका दिसला की माउसचे बटण दाबायचे. पडद्याच्या तळाशी एक लाल झेंडा उमटतो, पण तो केवळ क्लिकची नोंद झाल्याची पावती असतो. क्लिक बरोबर होती की चूक, हे त्यावरून कळत नाही. चित्रफीत पुन्हा पाहता येत नाही आणि दिलेले उत्तर बदलताही येत नाही.

इथे ‘धोका’ या शब्दाचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटार, फुटपाथवरून चालणारी आई आणि मूल, पुढचे आंधळे वळण या सगळ्या धोक्याच्या शक्यता आहेत, आणि मिनिटभराच्या चित्रफितीत अशा पुष्कळ शक्यता येऊन जातात. गुण मात्र त्यांपैकी ज्या शक्यतेमुळे चालकाला वेग किंवा दिशा बदलावी लागते तिलाच मिळतात. या धोक्याला आपण ‘आकार घेणारा धोका’ म्हणू. तो आकार घेऊ लागतो त्या क्षणी गुणांची खिडकी उघडते आणि काही वेळाने मिटते. खिडकीचे एकामागून एक पाच भाग असतात. पहिल्या भागात क्लिक केली तर 5 गुण, दुसऱ्यात 4, आणि असे उतरत शेवटच्या भागात 1. खिडकी उघडण्यापूर्वी किंवा मिटल्यानंतर केलेल्या क्लिकला शून्य.

समजा, चित्रफितीतली आपली गाडी ताशी 30 मैलांनी, म्हणजे सुमारे 48 किलोमीटरने चालली आहे. अडतिसाव्या सेकंदाला डाव्या कडेला उभी असलेली एक मोटार दिसू लागते. बरोबर 41व्या सेकंदाला तिचा उजवा इंडिकेटर लुकलुकू लागतो आणि क्षणभराने ती आपल्या वाटेत सरकू लागते. खिडकी 41 ते 46 सेकंदांची आणि तिचा प्रत्येक भाग एका सेकंदाचा आहे, असे धरू. खऱ्या चित्रफितींतल्या खिडक्यांच्या वेळा परीक्षार्थींना सांगितल्या जात नाहीत. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. इंडिकेटर पाहून 41.6 सेकंदाला क्लिक करणाऱ्याला 5 गुण मिळतील. मोटार खरोखर हलेपर्यंत थांबून 43.3ला क्लिक करणाऱ्याला 3, आणि ती अर्धी रस्त्यात आल्यावर 45.5ला दचकून क्लिक करणाऱ्याला 1. हा एकेक गुण रस्त्यावर अंतराच्या रूपात मोजता येतो. या वेगाने गाडी सेकंदाला 13 मीटरहून थोडे जास्त अंतर कापते, आणि ब्रिटनच्या ‘हायवे कोड’प्रमाणे ती पूर्ण थांबायला 23 मीटर लागतात: 9 मीटर चालकाचे लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत आणि 14 मीटर प्रत्यक्ष ब्रेकचे. पाच गुण मिळवणारा आणि तीन गुण मिळवणारा यांच्या क्लिकमध्ये 1.7 सेकंदांचे अंतर आहे, म्हणजे सुमारे 23 मीटर. एकाची गाडी उभी राहिली असेल त्या ठिकाणी दुसऱ्याचे थांबणे जेमतेम सुरू होईल.

आता चौथा परीक्षार्थी घ्या, वीस वर्षे गाडी चालवलेला. 40.6 सेकंदाला त्याला उभ्या मोटारीत चालक बसलेला दिसतो आणि तिचे पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले दिसते. ही आता निघणार, हे ओळखून तो क्लिक करतो. खिडकी उघडायला अजून 0.4 सेकंद असतात, त्यामुळे त्याला शून्य मिळते. चौघांत सर्वांत चांगले वाचन त्याचे होते, आणि गुणपत्रिकेवर तो त्या माणसाच्या पंक्तीत बसतो ज्याला मोटार दिसलीच नाही. हा परीक्षेचा खरा दोष आहे असे मला वाटते. खिडकी कुठेतरी उघडावी लागणारच, नाहीतर चित्रफितीच्या पहिल्या सेकंदालाच क्लिक करून गुण मिळवता येतील. पण ‘फार लवकर’ आणि ‘मुळीच नाही’ यांत भेद न करणारे मोजमाप अनुभवी माणसाला खाली ओढते.

यातून वाट काढता येते, कारण चुकीच्या क्लिकचे गुण कापले जात नाहीत. चौथ्या परीक्षार्थीने 40.6च्या क्लिकनंतर इंडिकेटर लागल्यावर 41.8ला पुन्हा क्लिक केली असती, तर त्याला पूर्ण 5 गुण मिळाले असते. म्हणून शक्यता दिसली की एक क्लिक आणि ती आकार घेऊ लागली की दुसरी, अशी सवय लावणे हिताचे ठरते. मात्र याचा अतिरेक करणाऱ्यासाठी वेगळी तरतूद आहे. सतत किंवा ठरावीक लयीत क्लिक केल्याचे संगणकाला आढळले, तर तसा संदेश दाखवून त्या चित्रफितीचे सगळे गुण शून्य केले जातात. प्रत्येक पादचाऱ्यासाठी हॉर्नवर हात ठेवण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या चालकाने इथे जरा जपून राहावे.

मोटारीच्या परवान्यासाठी 75 पैकी 44 गुण लागतात, म्हणजे दर धोक्याला सरासरी तीनच्या किंचित खाली. प्रत्येक धोका मध्यम वेगाने टिपणारा माणूस 45 गुणांनी उत्तीर्ण होतो. पण ज्याच्या पाच क्लिक खिडकीआधीच पडल्या, त्याला उरलेल्या दहा धोक्यांत 50 पैकी 44 मिळवावे लागतात. सात ठिकाणी शून्य आले तर उरलेल्या आठांत पैकीच्या पैकी मिळवूनही बेरीज 40च होते.

संशोधकांनी या अडचणीवर एक वेगळा मार्ग सुचवला आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जॅक्सन, चॅपमन आणि क्रंडल यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रफीत धोका प्रकट होण्याच्या जरा आधी तोडली आणि पाहणाऱ्याला एवढेच विचारले: आता पुढे काय होईल? पडदा एकदम काळा केला तेव्हा अनुभवी चालकांची उत्तरे नवशिक्यांपेक्षा सरस ठरली. या पद्धतीत घड्याळाचा प्रश्नच उरत नाही. चाक वळलेले पाहून ‘ती मोटार बाहेर येणार’ असे सांगणाऱ्या आपल्या चौथ्या परीक्षार्थीला इथे गुण मिळाले असते.