गाठीतला काळा ठिपका: पिसूचं बाहेर राहिलेलं टोक

पायाच्या बोटावर, नखाच्या कडेला पांढरी टणक गाठ आणि मधोमध काळा ठिपका. बघणाऱ्याला आधी कुरूप वाटतं, नाहीतर मोडलेला काटा. पण तो माणूस गेल्या दोन-तीन आठवड्यांत ब्राझील, केनिया किंवा मादागास्करच्या वाळूत अनवाणी फिरला असेल, तर गाठीत जिवंत पिसू असू शकते. या आजाराला टुंगियासिस म्हणतात.

टुंगा पेनेट्रान्स ही पिसू जेमतेम १ मिलिमीटरची. मादी त्वचेत डोक्याच्या बाजूने शिरते आणि आतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत तोंड पोचवून रक्त पिते. मागचं टोक मात्र ती बाहेरच ठेवते, कारण श्वास, विष्ठा आणि अंडी यांची वाट तिथूनच आहे. तोच आपल्याला दिसणारा काळा ठिपका. भोवतीचा पांढरेपणा म्हणजे अंड्यांनी फुगत चाललेलं तिचं पोट.

समजा, कुणी सुट्टीत अशा किनाऱ्यावर चालला आणि पिसू आत शिरली. पहिल्या एक-दोन दिवसांत खाजरा लाल ठिपका दिसतो. तिसऱ्या दिवसापासून पांढरं वलय उमटतं आणि दहाएक दिवसांत गाठ वाटाण्याएवढी होते, दुखू लागते. भिंगातून पाहिलं तर ठिपक्यातून तपकिरी विष्ठा किंवा पांढरी लांबट अंडी बाहेर पडताना दिसतात. कुरुपात किंवा चामखिळीत असं काही घडत नाही, त्यामुळे निदानाला ही खूण फार मोलाची. पुढे साधारण चार ते सहा आठवड्यांत पिसू आतच मरते, काळी खपली धरते आणि ती गळून जाते.

म्हणजे एकदाच लागण झालेला प्रवासी सहसा बरा होतो. मातीच्या जमिनीच्या घरात राहणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी, आणि तीच मला जास्त अस्वस्थ करते. अंडी त्याच जमिनीवर पडतात, तीन-चार दिवसांत अळ्या निघतात आणि काही आठवड्यांत नव्या पिसवा तयार होतात. डुकरं आणि कुत्रीही त्या वाढवतात. एकेका पायात अशा डझनावारी गाठी झाल्या की मुलाला धड चालता येत नाही.

उपचारही त्या ठिपक्यातूनच होतो. डायमेथिकोन हे पातळ सिलिकॉन तेल ठिपक्यावर सोडलं की ते पिसूच्या श्वासछिद्रांत शिरतं आणि ती गुदमरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या केनियातल्या एका चाचणीत मुलांच्या एका पायाला हे तेल लावलं, दुसरा पाय पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवला. सात दिवसांनी तेलाच्या पायातल्या ७८ टक्के पिसवा निकामी झाल्या होत्या, दुसऱ्या पायातल्या ३९ टक्के.

सुईने कोरून काढायची झाली तर निर्जंतुक सुईने, पिसू अखंड निघेल अशी काढावी लागते. ती फुटून तुकडे आत राहिले तर जखम सुजते, पिकते. जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात, म्हणून त्याची लस घेतलेली आहे का, हे डॉक्टर आधी विचारतात. एकच सुई किंवा पिन अनेकांच्या पायांना वापरली, तर कावीळ बी आणि एचआयव्हीचाही धोका असतो.