ट्रायलचा दिवस कोण खातं?

“सात दिवसांची ट्रायल सहाव्याच दिवशी संपली. कंपन्या मुद्दाम एक दिवस खातात ना?”

बहुतेक वेळा नाही. काही सेवा नोंदणीच्या क्षणापासून 168 तास मोजतात, तिथे घोळ नसतो. काही मात्र तारखा मोजतात, त्याही सर्व्हरच्या, म्हणजे बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या.

समजा तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. 2 तारखेला पहाटे 4 वाजता नोंदणी केलीत, तेव्हा सर्व्हरवर 1 तारखेचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पहिला ‘दिवस’ दीड तासात आटोपतो! ट्रायल 8 तारखेला पहाटे साडेपाचला बंद, म्हणजे हाती आले सहा दिवस आणि दीड तास.

खात्यात संपण्याची वेळ `T00:00:00Z` अशी दिसली, तर शेवटचा `Z` म्हणजे यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवा आणि त्याआधीच रद्द करा.