वाचलंय, पण आठवत नाही

पहिल्या सेमिस्टरच्या तोंडी परीक्षेत दर वर्षी एक वाक्य ऐकू येतं. "मॅडम, वाचलंय मी हे. पुस्तकात कुठल्या पानावर आहे तेही डोळ्यांसमोर आहे. पण आठवत नाहीये." मी पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. असं म्हणणारी मुलं खोटं बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी खरंच वाचलेलं असतं, एकदा नव्हे, चार-चारदा. काही ओळी पिवळ्या, काही गुलाबी केलेल्या असतात. तरी समोर कोरा कागद आला की हात थांबतो.

याचं कारण असं, की ओळखणं आणि आठवणं ही स्मरणाची दोन वेगळी कामं आहेत. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या सुचत नाही, तसंच हे. पान तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, नजर भराभर पुढे सरकते आणि 'झालं, येतंय' असं वाटू लागतं. पेपरात मात्र ओळखायला समोर काहीच नसतं. तिथे आतून काढावं लागतं, आणि आतून काढण्याचा सराव वाचताना झालेलाच नसतो.

हा फरक किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 साली दाखवलं. कॉलेजच्या मुलांना त्यांनी एक छोटा उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्यांना 83 टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरला होता, लिहून काढणाऱ्यांकडे 61 टक्के. आणि आपल्याला पुढेही चांगलं आठवेल, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती.

रात्रभर जागून केलेला अभ्यास 'चालला' असं का वाटतं, तेही याच आकड्यांत दिसतं. सकाळच्या पेपरापुरता तो बऱ्याचदा चालतोही. ते मी नाकारत नाही. पण पहिल्या वर्षाचे विषय एका सकाळीपुरते नसतात. पहिल्या सेमिस्टरला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो ते, शिकवतो आणि दुसऱ्या सेमिस्टरला मक्तेदारी. मक्तेदार भाव किती वाढवू शकेल, हे लवचिकता डोक्यात असल्याशिवाय कळतच नाही. नोव्हेंबरात एका रात्रीत भरलेलं जानेवारीपर्यंत गळून गेलेलं असतं, आणि मग दुसरं सेमिस्टर पहिल्या दिवसापासून अवघड वाटू लागतं.

म्हणून वहीपासूनच सुरुवात करू. वही पुन्हा वाचायला सोयीची असण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारायला सोयीची हवी. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी पानाची जी मांडणी शिकवली, ती मला यासाठी सगळ्यांत उपयोगी वाटते. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचांची पट्टी कोरी सोडायची. उजवीकडच्या मोठ्या भागात तासाला टिपणं घ्यायची. तळाशी दोन इंच जागा ठेवायची. आपल्या वहीतला लाल समास यासाठी अरुंद पडतो, म्हणून पट्टीने दुसरी रेघ मारून घ्यावी.

समजा, सोमवारी 4 ऑगस्टला लवचिकतेवर तास झाला. मी फळ्यावर वडापावचं उदाहरण घेतलं. शहरातल्या सगळ्याच गाड्यांवर वडापाव 20 रुपयांचा 22 झाला, म्हणजे 10 टक्के महाग. एका गाडीवर रोज 200 खपायचे ते 190 झाले, म्हणजे खप 5 टक्के घटला. 5 भागिले 10, लवचिकता 0.5. गल्ला 4000 रुपयांचा 4180 झाला. आता दुसरी स्थिती. भाव एकट्या याच गाडीने वाढवला, शेजारच्यांनी नाही. खप 200 वरून 150 वर आला. 25 भागिले 10, लवचिकता 2.5, आणि गल्ला 3300 वर घसरला.

उजवीकडे हे जमेल तसं, आपल्या शब्दांत टिपा. मी बोलले ते वाक्य न् वाक्य उतरवायचं नाही. 2014 मध्ये लॅपटॉप आणि हाताने घेतलेली टिपणं यांची तुलना करणारा एक प्रयोग फार गाजला. लॅपटॉपवाले शब्दशः उतरवतात आणि मागे पडतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा हाताने लिहिण्याचा फायदा तितका ठळक दिसला नाही. त्यामुळे वही की लॅपटॉप यावर मी वाद घालत नाही. फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून पेन खाली ठेवणाऱ्यांची मात्र मला काळजी वाटते. त्या क्षणी डोक्यातून काहीच गेलेलं नसतं.

डावी पट्टी भरायची ती त्याच दिवशी संध्याकाळी. दहा मिनिटं पुरतात. तिथे मथळे लिहू नका, प्रश्न लिहा. 'लवचिकतेची व्याख्या' असं लिहिलं की डोकं नुसती मान डोलावतं. त्याऐवजी: कशाला कशाने भागायचं? भाव वाढवूनही गल्ला वाढतो, असं कधी होतं? तोच वडापाव, मग एका गाडीसाठी लवचिकता जास्त आणि साऱ्या शहरासाठी कमी का? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, कारण त्याचं उत्तर पानावर आयतं लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला दोन पावलांवर दुसरी गाडी मिळते, पण सगळ्याच गाड्या महागल्या तर जायचं कुठे, हे तुम्हाला जुळवावं लागतं. तळाच्या दोन इंचांत त्या तासाचं सार दोन वाक्यांत लिहा. ती दोन वाक्यं सुचली नाहीत, तर मुद्दा कळलेलाच नाही असं समजा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा. न कळलेली गोष्ट कितीही वेळा आठवायचा प्रयत्न केला तरी पक्की होत नाही. तिथे उजळणी नको, समजावून घेणं हवं.

मग पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने तीन तारखा घाला: 6 ऑगस्ट, 11 ऑगस्ट, 1 सप्टेंबर. म्हणजे दोन दिवसांनी, आठवड्याने, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी. त्या दिवशी उजवी बाजू कागदाने झाकायची, डावीकडचे प्रश्न वाचायचे आणि उत्तर पुटपुटायचं किंवा रफ वहीत लिहायचं. मग कागद सरकवून ताडून बघायचं. अडलं तिथे प्रश्नाशेजारी एक ठिपका. असं एक पान पाच मिनिटांत होतं.

मधल्या तारखा मोकळ्या का सोडायच्या, असं मुलं विचारतात. थोडं विसरायला. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की निरर्थक अक्षरगटांचं पाठांतर पहिल्या काही तासांत झपाट्याने उतरतं आणि नंतर उतार मंदावतो. त्याला आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी 68 वेळा घोकून जो परिणाम मिळत होता, तोच तीन दिवसांत विभागलेल्या 38 वेळांत मिळाला. थोडं निसटलेलं ओढून परत आणताना जे कष्ट पडतात, त्यानेच आठवण घट्ट होते. पूर्वी आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणत. पाटी समोर नसे, पाढे तोंडी म्हणायचे, रोज थोडेच. प्रयोगांत दिसलेल्या दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

अंतर बरोबर आहे का, ते ठिपके सांगतात. सगळी उत्तरं विनासायास आली, तर तुम्ही फार लवकर परतलात, पुढची तारीख लांब न्या. निम्म्याहून जास्त प्रश्नांवर ठिपके पडले, तर उशीर झाला, पुढची तारीख जवळ आणा. आठवताना घाम फुटतो आणि 'आपली तयारीच नाही' असं वाटतं, म्हणून बरीच मुलं याच टप्प्यावर पुन्हा वाचनाकडे वळतात. तो घाम फुटू द्या. वाचन सोपं वाटतं ते उत्तर समोर असतं म्हणून.

वेळेचा हिशोब करू. आठवड्याला वीस तास भरत असतील आणि प्रत्येकाला संध्याकाळची दहा मिनिटं अधिक पाच-पाच मिनिटांच्या तीन उजळण्या धरल्या, तर एका तासामागे 25 मिनिटं होतात. आठवड्याचे 500 मिनिटं, रोजचा जेमतेम सव्वा तास. लोकलने किंवा एसटीने येणाऱ्यांना यातला बराच भाग प्रवासात करता येतो, कारण आठवायला टेबल लागत नाही. फक्त गणितं असलेल्या विषयांत एक बदल करा. एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीने सोडवू नका, वेगवेगळ्या पाठांतली मिसळून घ्या. कुठलं सूत्र लावायचं हे ओळखणं पेपरात अर्धं काम असतं, आणि ओळीने सोडवताना नेमकं तेच आयतं मिळतं.

गणपतीत वही मिटलेली राहणार, सबमिशनच्या आठवड्यात तारखा चुकणार. तेव्हा राहिलेलं सगळं पहिल्यापासून वाचून काढायला बसू नका. त्यातच मुलं दमतात आणि वेळापत्रक सोडून देतात. चुकलेल्या पानांचे फक्त प्रश्न घ्या. ज्यांची उत्तरं आली, ती पानं पुढच्या तारखेला सोपवा. ठिपक्यांपुरतंच उजवीकडचं वाचा.

आणि एवढं करूनही एखाद्या विषयात काहीच झालं नाही, उद्या पेपर आहे, अशी रात्र आलीच, तर पुस्तक पहिल्या पानापासून उघडू नका. जुन्या प्रश्नपत्रिकांत वारंवार येणारे पाच-सहा मुद्दे निवडा. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, कागदावर काढा, ताडा. मग दुसरा घ्या, आणि दुसरा झाला की पहिला पुन्हा काढा. अकराच्या सुमारास दिवा घालवा. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि जागरणाने सकाळी साधं गणितही चुकतं. उठल्यावर नवं काही न वाचता रात्रीच्या कागदांवर जिथे ठिपके पडले, तेवढेच प्रश्न बसमध्ये मनात विचारा.