मित्राची मस्करी आणि लिहिताना हरवणारा आवाज

वाढदिवसाच्या संदेशात जिवलग मित्राची कितीही थट्टा केली तरी त्याला ती कळतेच, हा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांनी उपरोधिक आणि गंभीर वाक्ये ईमेलने किंवा आवाजातून दुसऱ्यांपर्यंत पोहोचवली. दोन्ही मार्गांनी सुमारे 78 टक्के वेळा आपला रोख ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून तो 73 टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलमधून मात्र केवळ 56 टक्के वेळा, आणि नाणे उडवून उत्तर दिले असते तरी 50 टक्के बरोबर आलेच असते. याचे कारण असे, की लिहिणारा स्वतःचे वाक्य मनातल्या मनात हसऱ्या सुरात ऐकत असतो, तर वाचणाऱ्याला फक्त अक्षरे दिसतात.

मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर यांच्या मांडणीनुसार चिडवण्यात दोन घटक असतात: एक टोचणी, आणि ‘हे खेळातले आहे’ असे सांगणाऱ्या खुणा. समोरासमोर असताना लांबवलेला स्वर, डोळे मिचकावणे, चेहऱ्यावरचे हसू हे काम करतात. लिखाणात त्यातले बहुतेक सारे गळून पडते आणि अतिशयोक्ती ही सर्वांत भरवशाची खूण उरते.

ठाण्यातल्या, नेहमी उशिरा येणाऱ्या एका मित्राचे उदाहरण घेऊ. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा, आज तरी वेळेवर ये, दर वेळी सगळ्यांना ताटकळत ठेवतोस’ या वाक्यात टोचणी आहे, खूण एकही नाही. ते शब्दशः खरे असल्यामुळे तक्रार म्हणूनच वाचले जाते. आता हे वाचा: ‘शुभेच्छा, मित्रा! जन्माच्या वेळीसुद्धा तू घरच्यांना “निघालोय, तीन हात नाक्यावर आहे” असेच कळवले असशील. मासुंदा तलाव आटेपर्यंत वाट पाहू, पण केक तुझ्याशिवाय कापणार नाही.’ नवजात बाळाने निरोप पाठवणे अशक्य असल्याने शब्दशः अर्थाची वाटच बंद होते, टोमण्यात त्याचेच नेहमीचे वाक्य येते, आणि त्याची वाट पाहण्याची तयारी उघडपणे सांगितली जाते. शेवटी नुसते ‘गंमत केली रे’ जोडल्याने हे साधत नाही, कारण त्यातून लिहिणाऱ्याचा हेतू कळला तरी टोचणी तशीच राहते.

अमुक राशीच्या माणसाला थट्टा सोसत नाही, असे सांगणाऱ्या पोस्टना काडीचाही आधार नाही. सोसणे न सोसणे विषयावर आणि ऐकणाऱ्यांवर ठरते. उशिरामुळे याच मित्राची नोकरी नुकतीच गेली असेल, तर कोणतीही अतिशयोक्ती ती टोचणी बोथट करू शकत नाही. तसेच दोघांत चालणारे वाक्य त्याचे वरिष्ठ असलेल्या ग्रुपवर त्याची प्रतिमा बिघडवू शकते. मित्राने उत्तरात ‘आत्ता माजिवड्याला पोहोचलो’ असे लिहून खेळ पुढे नेला, तर खूण पोहोचली असे समजावे. एरवी भरभरून लिहिणाऱ्याने नुसते ‘धन्यवाद’ लिहिले, तर त्याला फोन करावा. आवाजातून निदान सूर तरी पोहोचतो.