फुंकर आणि टोक: डोळ्याचा दाब मोजताना

समजा, चाळिशीतल्या एका बाईंच्या उजव्या डोळ्याचा दाब चष्म्याच्या तपासणीत २५ आला. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा दाब नेहमीचा मानतात. घरी काचबिंदूची धास्ती पसरते. आठवड्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर १८ भरतो. मग चुकलं कोणतं यंत्र?

डोळ्यात सुई घातल्याशिवाय आतला दाब थेट मोजता येत नाही. दोन्ही यंत्रं मोजतात ते एवढंच, की डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, सपाट करायला किती जोर लागतो.

पहिल्या यंत्रातून हवेची फुंकर येते. पारपटल सपाट झालं की त्यावर पडलेला अवरक्त किरण आरशासारखा परत फिरतो आणि त्या क्षणाच्या जोरावरून यंत्र आकडा काढतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, आणि अडचण तिथेच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोळ्याचा दाब दोन-तीन मिलिमीटर वरखाली होतो. फुंकर त्यातला एकच क्षण पकडते, म्हणून तीन वेळा मारून सरासरी घ्यावी लागते. शिवाय फुंकरीच्या धाकाने माणूस पापण्या आवळतो, श्वास रोखतो. त्यानेही आकडा चढतो.

दुसरी पद्धत हान्स गोल्डमान यांची, १९५० च्या दशकातली. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात, पिवळा फ्लुरोसीन रंग लावतात आणि निळ्या प्रकाशात एक छोटं पारदर्शक टोक पारपटलाला टेकवतात. डॉक्टरांना दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा जुळेपर्यंत चकती फिरवायची. तेव्हा बरोबर ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट झालेला असतो. हा व्यास मुद्दाम निवडला आहे. इथे पारपटलाचा ताठपणा टोकाला मागे ढकलतो, तर अश्रूंचा पातळ थर त्याला ओढून घेतो, आणि हे दोन्ही जवळपास एकमेकांना फेडून टाकतात. हिशोबही सोपा होतो: १.८ ग्रॅम जोर लागला, तर दाब १८. ठोक्याबरोबर अर्धवर्तुळं धडधडताना दिसतात, त्यामुळे डॉक्टर मधली जागा धरू शकतात. रंग जास्त झाला तर मात्र कडा जाड होतात आणि दाब खोटाच जास्त भरतो.

पण ही फेड साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं पारपटल गृहीत धरते. या बाईंची जाडी मोजली, तर समजा ६१० मायक्रॉन निघाली. जाड पडदा दाबायला जास्त जोर लागतो, आणि फुंकरीच्या आकड्यावर हा परिणाम बहुधा जास्त दिसतो. म्हणजे २५ मधला काही भाग दाबाचा नव्हताच, पडद्याचा होता. उरलेला फरक आवळलेल्या पापण्यांचा असू शकतो, किंवा वेळेचाही. बहुतेकांचा दाब पहाटे-सकाळी जास्त असतो.

उलट प्रकार मला जास्त घातक वाटतो. लेसिक शस्त्रक्रियेने चष्मा घालवलेल्या माणसाचं पारपटल पातळ झालेलं असतं. त्याचा १५ आकडा निर्धास्त करतो, आणि खरा दाब मात्र त्याहून जास्त असू शकतो. जाडीवरून दाब दुरुस्त करायची सूत्रं आहेत, पण ती एकेका माणसाला नेमकी लागू पडत नाहीत. म्हणून डॉक्टर जाडी वेगळी लिहून ठेवतात आणि डोळ्यामागच्या मज्जातंतूचं टोक तपासतात. लेसिक झालं असेल, तर ते दाब मोजण्याआधीच सांगा.